दुग्धव्यवसायाच्या कर्जासाठी बँक व्यवस्थापकाला पत्र: परतफेडीची योजना म्हशीच्या वेतावर कशी बेतावी

कल्याणच्या एका बँक शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. मुरबाड, शहापूर आणि अंबरनाथ तालुक्यांतील तरुणांचे म्हशींसाठीचे अर्ज माझ्याकडे येत आणि त्यांपैकी बहुतेकांत एकच हिशेब असे: चार मुऱ्हा म्हशी, प्रत्येकी दहा लिटर, ७५ रुपये लिटर, ३६५ दिवस, म्हणून वर्षाचे उत्पन्न १०,९५,००० रुपये. गुणाकार बरोबर असायचा, पण म्हैस वर्षभर दूध देत नाही आणि जितके दिवस देते तितके दिवस दहा लिटर देत नाही, हे त्यात कुठेच नसे. शेतीकर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ही ओळ वाचली की पुढचे पत्र वाचण्याची गरज उरत नाही, कारण अर्जदाराने अजून गोठा चालवून पाहिलेला नाही हे त्याला तिथेच कळते.

म्हणून या लेखात पत्राच्या मायन्यापेक्षा परतफेडीच्या योजनेवर भर दिला आहे. मुरबाड तालुक्यातील पंचवीस वर्षांचा एक शेतकरी उदाहरणादाखल घेऊ. वडिलांच्या नावे दोन एकर जमीन आहे. त्यातील दीड एकरात भात होतो आणि विहिरीजवळच्या २० गुंठ्यांत नेपिअर गवत लावलेले आहे. त्याला चार म्हशी घ्यायच्या आहेत. पुढील दर समजून घेण्यासाठी धरलेले आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे चालू दर घालावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

आधी म्हशीचे कॅलेंडर मांडावे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर महिने मांडावेत. व्यायलेली मुऱ्हा म्हैस साधारण नऊ महिने दूध देते, त्यानंतर ती आटवली जाते आणि पुढचे वेत येईपर्यंत सुमारे पाच महिने भाकड राहते. म्हणजे एक फेरा चौदा महिन्यांचा झाला. म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांहून थोडा अधिक असल्यामुळे हा फेरा साधायचा तर ती व्याल्यापासून पावणेचार महिन्यांच्या आत गाभण राहिली पाहिजे. हे आपोआप होत नाही. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, तो रात्री किंवा पहाटे दिसतो आणि उन्हाळ्यात तर हातातून निसटतोच. फेरा चौदाचा सोळा किंवा सतरा महिन्यांवर गेला, तर ते वाढलेले महिने भाकड असतात, आणि हप्ता त्या महिन्यांतही भरावाच लागतो.

आता चारही म्हशी एकाच वेळी आणल्या तर काय होते ते कागदावर पाहावे. पहिले नऊ महिने चारही दुभत्या राहतात आणि पैसा भरपूर दिसतो. दहाव्या महिन्यापासून चौदाव्यापर्यंत मात्र गोठ्यात चार भाकड म्हशी असतात, दुधाचा एक रुपया येत नाही आणि खुराकाचे बिल चालूच राहते. माझ्या टेबलावरून असे एक प्रकरण मंजूर झाले होते आणि त्यात जितकी चूक अर्जदाराची होती तितकीच माझीही होती. अकराव्या महिन्यात त्या मुलाने एक म्हैस विकून हप्ते भरले आणि तिथून त्याचा हिशेब पुन्हा कधी जुळला नाही.

उपाय जुना आहे. दोन म्हशी आता घ्याव्यात आणि दोन सहा महिन्यांनी घ्याव्यात. पहिली जोडी पहिल्या महिन्यात आली, तर ती एक ते नऊ महिने दूध देईल. सातव्या महिन्यात आलेली दुसरी जोडी सात ते पंधरा महिने दूध देईल, आणि तोवर पहिली जोडी पंधराव्या महिन्यात पुन्हा व्यायलेली असेल. असे मांडले की एकही महिना कोरडा जात नाही, किमान दोन म्हशी दुभत्या राहतातच. दर चौदा महिन्यांत चार महिने चारही दुभत्या असतात; त्यांना मी भरीचे महिने म्हणतो, आणि उरलेल्या दहांना ओढीचे.

दोन प्रकारच्या महिन्यांचा हिशेब

पूर्ण वेताची सरासरी दिवसाला आठ लिटर धरावी. सुरुवातीला दहा-अकरा लिटरची धार मिळते, शेवटी ती पाचावर येते. ओढीच्या महिन्यात रोजचे सोळा लिटर दूध होते. त्यातील एक लिटर घरात जाते आणि उरलेले पंधरा लिटर बदलापूरच्या रतिबाला ७५ रुपयांनी जाते, म्हणजे महिन्याला ३३,७५० रुपये येतात. भरीच्या महिन्यात वाढीव सोळा लिटरला गिऱ्हाईक लगेच मिळत नाही, कारण रतीब महिन्या-महिन्याला कमी-जास्त करता येत नाही. ते दूध संकलन केंद्राला ५२ रुपयांनी द्यावे लागते आणि जमा सुमारे ५८,७०० रुपये होते. सगळ्याच दुधाला रतिबाचा दर लावलेला हिशेब मॅनेजर एका प्रश्नात मोडून काढतात.

खर्चाचे तसेच करावे. आठ लिटरच्या म्हशीला रोज पाच किलो खुराक ३० रुपयांनी १५० रुपयांचा पडतो. घरचा पेंढा आणि नेपिअर धरूनही विकतचा जास्तीचा पेंढा व खत यांसाठी ३० रुपये ठेवावे लागतात, म्हणून दुभत्या म्हशीचा महिन्याचा खर्च ५,४०० रुपये होतो. भाकड म्हशीला दीड किलो खुराक धरला तर तिचा खर्च २,२५० रुपये होतो. औषधपाणी, क्षारमिश्रण आणि कृत्रिम रेतनासाठी म्हशीमागे ४०० रुपये, पेट्रोल व विजेसाठी २,५०० रुपये आणि पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी दरमहा १,५०० रुपये बाजूला काढावेत. बेरीज केल्यावर ओढीच्या महिन्यात २०,९०० रुपये खर्च जाऊन १२,८५० रुपये उरतात आणि भरीच्या महिन्यात २७,२०० रुपये जाऊन ३१,५०० रुपये उरतात. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही, हे स्वतःशी तरी कबूल करावे. वासरू-पारडू आणि शेणखताचे उत्पन्न मी मुद्दाम धरत नाही. ते आले तर आले.

या हिशेबाने वर्षाची दुधाची जमा सुमारे ४ लाख ९० हजार रुपये येते, म्हणजे सुरुवातीच्या त्या गुणाकाराच्या निम्म्याहूनही कमी. तरीही बँकेला हाच आकडा विश्वासाचा वाटतो, कारण तो कशाकशातून कमी झाला हे कागदावर दिसते.

हप्ता कसा ठरवावा

प्रकल्पाचा खर्च असा धरू: चार म्हशी ४,४०,००० रुपये, वाहतूक २४,०००, गोठ्याची दुरुस्ती ६०,०००, कडबाकुट्टी यंत्र २५,०००, पहिल्या वर्षाचा विमा १७,६०० आणि कॅन, बादल्या वगैरे ३,४००. एकूण ५,७०,००० रुपये होतात. त्यात स्वतःचे १,२०,००० घातले तर ४,५०,००० रुपयांचे कर्ज लागते.

व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर दरमहा सारखा हप्ता सुमारे ९,८०० रुपये पडतो. ओढीच्या महिन्यात १२,८५० पैकी ९,८०० रुपये गेले की घरासाठी तीन हजार उरतात आणि एक म्हैस आजारी पडली तरी हप्ता थकतो. त्याऐवजी ओढीच्या महिन्यात ७,००० आणि भरीच्या महिन्यात १८,००० रुपये असा हप्ता मागावा. शेतीच्या मुदत कर्जात उत्पन्नाच्या हंगामाप्रमाणे हप्ते बांधून देणे बँकेला नवे नाही; उसाचे आणि भाताचे कर्ज तसेच फिटते. मात्र ते मागावे लागते. न मागितल्यास संगणक सारखा हप्ता काढून देतो.

मी हा तक्ता महिनावार मांडून पाहिला. पहिले दोन महिने, म्हणजे रतीब बसेपर्यंत, फक्त व्याज. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ७,०००. आणि सातव्यापासून वरच्या क्रमाने. असे केल्यास कर्ज ५८ व्या महिन्यात संपते. बँकेची मुदत वाढत नाही आणि घराचा श्वासही कोंडत नाही.

भरीच्या महिन्यात १८,००० भरूनही १३,५०० रुपये उरतात. त्यातील ८,००० त्याच शाखेतील वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. सात, आठ आणि नऊ या तीन महिन्यांत तिथे २४,००० रुपये साठतात. पुढे जोडीतील एक म्हैस वेळेवर गाभण राहिली नाही आणि गोठ्यात एकच दुभती उरली, तर जमा १५,७५० आणि खर्च १७,७५० होतो. हप्ता धरून महिन्याला ९,००० रुपयांची तूट येते. म्हणजे साठवलेली रक्कम अडीच महिन्यांहून थोडी अधिक पुरते. म्हैस तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबली, तर ही योजनाही तोकडी पडते, आणि तसे होऊ नये म्हणून काय करणार, हे पत्रात लिहावे लागते.

कागदपत्रांतील दोन अडचणी

तरुण अर्जदाराची पहिली अडचण सातबाऱ्याची असते. जमीन वडिलांच्या, कधी आजोबांच्या आणि चार काकांच्या नावे असते. १ जानेवारी २०२५ पासून शेतकऱ्याला २ लाख रुपयांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाशिवाय मिळते आणि त्यात दुग्धव्यवसायासारखे जोडधंदेही येतात. साडेचार लाखांसाठी मात्र म्हशींबरोबर जमिनीचे तारण मागितले जाईल आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल. म्हणून वडिलांना पहिल्या दिवसापासूनच सहकर्जदार करावे आणि पत्रात तसे लिहावे. सातबारा सामाईक असेल, तर इतर खातेदारांच्या संमतीचा विषय घरी आधी मिटवावा; मंजुरीनंतर काका सही करत नाहीत म्हणून अडलेल्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरी अडचण रतिबाच्या पैशाची. तो रोखीत येतो आणि खात्यात दिसत नाही. ज्याच्याकडे आज एखादी म्हैस आहे, त्याने अर्जाच्या सहा महिने आधीपासून रतिबाचे पैसे मोबाइलवरून थेट बँक खात्यात घ्यावेत. खात्यावरच्या तीस-चाळीस रुपयांच्या बारीक जमा नोंदींची ती लांबलचक यादी पत्रातील कुठल्याही परिच्छेदापेक्षा जास्त बोलते.

खरेदीसाठी बँकेला दरपत्रक आणि पुढे पावती लागते. म्हसा गावच्या जत्रेत किंवा ओळखीच्या दलालाकडून म्हैस स्वस्त पडेलही, पण पावतीशिवाय बँक पैसे देणार नाही. पैसे बहुधा थेट विकणाऱ्याच्या खात्यात जातात, तेव्हा त्याची तयारी आधी विचारून घ्यावी.

पत्राचा नमुना

पत्र दीड पानाचे असावे. बँकेत मोठ्या शब्दांना किंमत नाही, म्हणून वाक्ये साधी ठेवावीत.

> दिनांक: ________
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ________ बँक, मुरबाड शाखा, जि. ठाणे.
>
> विषय: चार मुऱ्हा म्हशींच्या गोठ्यासाठी ४,५०,००० रुपयांचे मुदत कर्ज मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी खाली सही करणार, मौजे ________, ता. मुरबाड येथील रहिवासी असून माझे वय २५ वर्षे आहे. माझे बचत खाते (क्र. ________) आपल्याच शाखेत आहे. वडिलांच्या नावे दोन एकर जमीन असून त्यातील २० गुंठ्यांत विहिरीच्या पाण्यावर नेपिअर गवत आहे. घरी गेली तीन वर्षे एक म्हैस असून तिच्या दुधाचे पैसे सहा महिन्यांपासून वरील खात्यात जमा होत आहेत.
>
> मला चार मुऱ्हा म्हशी दोन टप्प्यांत घ्यावयाच्या आहेत. एकूण खर्च ५,७०,००० रुपये असून त्यापैकी १,२०,००० रुपये मी स्वतः घालणार आहे. पहिल्या टप्प्यात दोन म्हशी, त्यांची वाहतूक व विमा, गोठ्याची दुरुस्ती, कडबाकुट्टी आणि कॅन-बादल्या यांसाठी ३,२९,२०० रुपये लागतील. त्यात माझा संपूर्ण हिस्सा प्रथम वापरून बँकेकडून २,०९,२०० रुपये मिळावेत. सहा महिन्यांनी दुसऱ्या जोडीसाठी उरलेले २,४०,८०० रुपये मिळावेत. दुसरा टप्पा देण्यापूर्वी आपण गोठ्याची पाहणी करावी, ही विनंती.
>
> म्हशी दोन टप्प्यांत घेण्याचे कारण असे की, प्रत्येक म्हैस सुमारे नऊ महिने दूध देऊन पाच महिने भाकड राहते. जोड्यांत सहा महिन्यांचे अंतर ठेवल्यास कोणत्याही महिन्यात किमान दोन म्हशी दुभत्या राहतील. दोन म्हशी दुभत्या असताना खर्च वजा जाता दरमहा १२,८५० रुपये व चार दुभत्या असताना ३१,५०० रुपये उरतील. सविस्तर हिशेब सोबत जोडला आहे.
>
> परतफेडीसाठी माझी विनंती अशी आहे: पहिले दोन महिने केवळ व्याज, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत दरमहा ७,००० रुपये आणि त्यानंतर दोन म्हशी दुभत्या असतील त्या महिन्यांत ७,००० व चार असतील त्या महिन्यांत १८,००० रुपये. ११ टक्के व्याज धरल्यास कर्ज ५८ महिन्यांत फिटते. महिनावार तक्ता सोबत आहे.
>
> चार म्हशी दुभत्या असलेल्या प्रत्येक महिन्यात ८,००० रुपये मी आपल्या शाखेत राखीव ठेवीन. एखादी म्हैस उशिरा गाभण राहिल्यास हप्ता त्यातून भरला जाईल. प्रत्येक म्हैस व्याल्यापासून चार महिन्यांत गाभण तपासणी करून त्याचा दाखला शाखेत देईन. सर्व म्हशींचा विमा बँकेच्या नावाच्या नोंदीसह उतरवीन.
>
> माझे वडील सहकर्जदार राहण्यास तयार असून त्यांनीही या पत्रावर सही केली आहे. अर्जात काही उणीव असल्यास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (अर्जदाराची सही व नाव)
> (सहकर्जदाराची सही व नाव)
>
> सोबत: डिजिटल सहीचा सातबारा व आठ-अ, आधार व पॅन कार्डाच्या प्रती, इतर बँका व सोसायटीचे ना-देय दाखले, म्हशींचे दरपत्रक, गोठा दुरुस्तीचे अंदाजपत्रक, संकलन केंद्राचे दूध घेण्याबाबतचे पत्र, सहा महिन्यांचा खाते उतारा, जमाखर्चाचा हिशेब, महिनावार परतफेड तक्ता.

पत्र दिल्यानंतर

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शिपाई म्हणेल, ‘साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा’, तरी पोच घेतल्याशिवाय निघू नये, कारण अर्ज कधी आला हे पुढे याच शिक्क्यावरून ठरते.

मॅनेजर बोलावतील तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा तीनच असतात. दूध कुठे विकणार, चारा कुठला आणि म्हैस मेली तर काय. पहिल्याला रतिबाच्या घरांची यादी दाखवावी, दुसऱ्याला २० गुंठ्यांचा सातबारा. तिसऱ्याचे उत्तर विमा आहे, पण तो कानातल्या बिल्ल्यावर चालतो. बिल्ला तुटला किंवा पडला तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून नवा मारून घ्यावा लागतो, नाहीतर मेलेली म्हैस विम्यातलीच होती हे सिद्ध करता येत नाही आणि दावा फेटाळला जातो.

मंजुरीपत्र हातात आले की सही करण्यापूर्वी हप्त्यांचा तक्ता आपल्या तक्त्याशी ताडून पाहावा. तिथे साठ ओळींत एकच आकडा छापलेला दिसला, तर आपली विनंती संगणकात गेलेली नाही असे समजावे आणि टप्प्यांप्रमाणे तक्ता बदलून मागावा. पैसे उचलल्यावर तो बदलणे फार जिकिरीचे होते.

म्हैस पाहायला जाताना दुसऱ्या वेताची, पंधरा ते तीस दिवसांपूर्वी व्यायलेली निवडावी आणि संध्याकाळ, सकाळ व पुन्हा संध्याकाळ अशा सलग तीन धारा स्वतः समोर उभे राहून काढून घ्याव्यात. पहिली धार तुंबवून ठेवलेली असू शकते, तिच्यावर किंमत ठरवू नये. दुसरी आणि तिसरी मिळून दहा लिटरच्या आसपास भरली, तरच आठ लिटरच्या सरासरीवर बांधलेला हा सगळा तक्ता त्या म्हशीला लागू पडतो.